शिफारसपत्र मागणारे पत्र : सायबर सुरक्षेच्या इंटर्नशिपचे एक प्रकरण

पुणे जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी संगणक विभागात शिकवतो आणि माहिती सुरक्षा हा ऐच्छिक विषय, त्याच्या प्रयोगशाळेसह, माझ्याकडे असतो. सातवे सत्र संपत आले असताना अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मला शिफारसपत्रासाठी पत्र पाठवले. आठव्या सत्रात तिला पुण्यातीलच एका कंपनीच्या सुरक्षा देखरेख केंद्रात, म्हणजे या क्षेत्रात ज्याला सगळे ‘सॉक’ म्हणतात तिथे, सहा महिन्यांची इंटर्नशिप हवी होती. तिचे पहिले पत्र, त्यावर आमचे झालेले बोलणे, तिने पुन्हा लिहिलेले पत्र आणि शेवटी मी कंपनीला जे कळवले ते, असे सगळे तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून येथे मांडत आहे.

पहिले पत्र असे होते.

“आदरणीय सर, सादर नमस्कार. मी अंतिम वर्षाची विद्यार्थिनी असून मला सायबर सुरक्षेची पहिल्यापासून आवड आहे. काली लिनक्स, एनमॅप, वायरशार्क, बर्प सूट आणि मेटास्प्लॉइट ही साधने मी शिकले आहे आणि तीन ऑनलाइन प्रमाणपत्रेही मिळवली आहेत. आमच्या प्रकल्पात आम्ही हनीपॉट उभारून लाखो सायबर हल्ले पकडले. तसेच आपल्या महाविद्यालयाच्या निकालाच्या पोर्टलमध्ये शिरून मी त्यातील त्रुटी शोधून काढली होती, हे आपल्याला माहीत आहेच. मला एका कंपनीत सुरक्षेच्या इंटर्नशिपसाठी अर्ज करायचा आहे. त्यासाठी आपले शिफारसपत्र मिळाल्यास मी आपली ऋणी राहीन. आपला वेळ जाऊ नये म्हणून मसुदा मीच करून सोबत जोडला आहे, आपण फक्त लेटरहेडवर सही करून द्यावी. परवा शेवटची तारीख आहे. आपली नम्र विद्यार्थिनी.”

पत्राची भाषा नम्र आहे. तरीही हे पत्र समोर ठेवून मी कंपनीला काय लिहू शकलो असतो, याचा विचार केल्यावर हाती जवळजवळ काहीच लागत नव्हते. साधनांची यादी आणि प्रमाणपत्रे तिच्या बायोडेटात होतीच, आणि ती तिने माझ्यासमोर मिळवलेली नसल्यामुळे त्यांच्याविषयी साक्ष देण्याचा मला अधिकार नव्हता. आवड ही तिची तिने सांगण्याची गोष्ट आहे. शिफारसपत्रात शिक्षक फक्त तेच सांगू शकतो जे त्याने स्वतः पाहिले आहे, आणि म्हणून शिफारस मागणाऱ्या पत्राचे खरे काम शिक्षकाला ते पाहिलेले नेमके आठवून देणे हे असते. ऐंशी विद्यार्थ्यांच्या वर्गात कोणत्या आढावा बैठकीत कोण काय म्हणाले, हे शिक्षकाच्या लक्षात सहसा राहत नाही, पण विद्यार्थ्याच्या मात्र पक्के लक्षात असते.

मी तिच्याकडून सर्वात आधी कंपनीची मूळ सूचना मागवली, कारण ती पत्राला जोडलेली नव्हती. सूचना वाचल्यावर दोन गोष्टी लगेच कळल्या. पहिली अशी की परवाची तारीख उमेदवाराच्या अर्जाची होती, शिक्षकाने शिफारस पाठवण्याची मुदत त्यानंतर आणखी दहा दिवस होती आणि ती शिक्षकाने महाविद्यालयाच्या ईमेल पत्त्यावरून कंपनीला थेट पाठवायची होती. त्यामुळे सही केलेला कागद विद्यार्थिनीच्या हाती देण्याचा प्रश्नच उरत नव्हता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. इंटर्नला कंपनीच्या ग्राहकांचे लॉग, म्हणजे त्यांच्या यंत्रांवर काय काय घडले याच्या नोंदी, पाहाव्या लागणार असल्यामुळे, उमेदवाराची विश्लेषण करण्याची पद्धत आणि तिच्यावर टाकता येईल असा विश्वास, या दोन बाबींवर शिक्षकाने उदाहरणासह लिहावे असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पहिल्या पत्रात पहिल्या बाबीविषयी काही नव्हते आणि दुसऱ्या बाबीविषयी जे होते ते तिच्या विरोधात जाणारे होते.

ते वाक्य म्हणजे पोर्टलमध्ये शिरल्याचे. प्रत्यक्षात काय घडले होते ते मला माहीत होते. तिने स्वतःचा निकाल उघडला असता ब्राउझरच्या पत्त्यात तिचा आसनक्रमांक उघडपणे दिसत होता. शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या होकाराने तिने तिथे मैत्रिणीचा क्रमांक घातला आणि मैत्रिणीची गुणपत्रिका उघडली. लॉगिन केलेली व्यक्ती आणि मागितलेली नोंद यांचा मेळ सर्व्हर तपासत नव्हता, इतका तो सरळ दोष होता. ती तिथेच थांबली, त्याच दिवशी माझ्याकडे आली, आणि आम्ही दोघांनी प्रणाली सांभाळणाऱ्या प्रमुखांना लेखी कळवले. तिचे वागणे बहुतांशी योग्य होते. परंतु “पोर्टलमध्ये शिरून” या शब्दांत ते एखाद्या पराक्रमासारखे झाले, आणि सुरक्षेच्या क्षेत्रात ते वाक्य वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो परवानगीचा.

तो प्रश्न कायद्याचाही आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 43 नुसार संगणकाच्या मालकाच्या किंवा तो सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय त्यात प्रवेश करणे किंवा त्यातील माहिती काढून घेणे यासाठी नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, आणि तीच कृती अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केली तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तिचा हेतू अप्रामाणिक मुळीच नव्हता. मात्र मैत्रिणीने दिलेला होकार हा पोर्टलच्या मालकाचा होकार नव्हे, हा फरक तिने केलेला नव्हता. ज्या केंद्रात रोज इतरांचे लॉग नजरेखालून जाणार आहेत तिथे हाच फरक सर्वात आधी विचारला जातो.

या वाक्याचा आणखी एक धोका आहे, जो विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ते पोर्टल आमच्या महाविद्यालयाने लिहिलेले नव्हते, बाहेरच्या पुरवठादाराकडून घेतलेले होते, आणि आमच्याकडचा दोष दुरुस्त झाला तरी तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या इतर संस्थांमध्ये तो शिल्लक असण्याची शक्यता होती. अशा दोषाचे वर्णन अर्जात, बायोडेटात किंवा शिफारसपत्रात लिहिले की ते किती हातांतून जाईल यावर आपला ताबा राहत नाही. पुरवठादाराला कळवण्याचे काम प्रणालीप्रमुखांनी केले होते, आणि पुरवठादाराने दाद दिली नसती तर पुढचा रस्ता याच अधिनियमाच्या कलम 70ब खाली नेमलेल्या सर्ट-इन या राष्ट्रीय संस्थेकडे जाणारा होता. नोकरीचा अर्ज हा त्यातला रस्ता नाही. म्हणून पोर्टलचा उल्लेख तिच्या पत्रात नसावा आणि मीही करणार नाही, असे आम्ही ठरवले. मुलाखतीत कोणी थेट विचारलेच तर काय घडले ते, परवानगी घेतली नव्हती या भागासह, जसेच्या तसे सांगावे, पण पुरवठादाराचे नाव आणि दोषाची जागा सांगू नये, असेही मी तिला सांगितले.

मग विश्वासाविषयी लिहायचे काय? याचे उत्तर तिच्या प्रकल्पातच होते, आणि पहिल्या पत्रात ते “लाखो सायबर हल्ले” या शब्दांखाली गाडले गेले होते.

चार जणांच्या त्या गटाने काउरी नावाचा हनीपॉट, म्हणजे हल्लेखोरांना भुलवण्यासाठी मुद्दाम ठेवलेला सापळा, उभारला होता. काउरी हे एसएसएच सर्व्हरचे, म्हणजे दुरून लॉगिन करू देणाऱ्या यंत्राचे, सोंग घेणारे मोफत सॉफ्टवेअर आहे. बाहेरून कोणी पासवर्ड चालवून पाहिला तर ते त्याची नोंद ठेवते, काही सोपे पासवर्ड मुद्दाम मान्य करते, आणि आत आलेल्याला खोट्या यंत्राचा पडदा दाखवून तो कोणते आदेश देतो हेही टिपून ठेवते. तो पडदा खोटा असला तरी एक गोष्ट खरी असते. आत आलेल्याने `wget` हा आदेश दिला तर काउरी ती फाइल इंटरनेटवरून खरोखर उतरवून घेते, कारण हल्लेखोर काय आणतो ते अभ्यासता यावे हाच त्यामागचा उद्देश असतो. म्हणजे हनीपॉट निष्काळजीपणे लावला तर महाविद्यालयाच्याच जाळ्यात घातक फाइल येते आणि आपल्याच पत्त्यावरून बाहेर विनंत्या जातात.

गटातील इतर तिघे हनीपॉट लगेच सुरू करू पाहत असताना या विद्यार्थिनीने कागदपत्रांत हा भाग वाचून काम थांबवले होते. तिने प्रणालीप्रमुखांकडे लेखी परवानगी मागितली, हनीपॉटसाठी वेगळे आभासी जाळे मागून घेतले आणि सुरुवातीपासून बाहेर जाणारी सर्व वाहतूक फायरवॉलवर बंद ठेवली. यामुळे त्यांना एकही घातक फाइल मिळाली नाही आणि अहवालातील एक प्रकरण कोरे राहिले, तरी ती मर्यादा तिने अहवालात स्वतः नोंदवली. त्या परवानगी अर्जाची प्रत माझ्याकडे होती. परवानगी आधी घ्यायची आणि त्यापायी काम अपुरे राहिले तरी चालवून घ्यायचे, याचा याहून स्वच्छ पुरावा मला शोधूनही सापडला नसता. पोर्टलचा प्रसंग त्याआधीचा होता, हेही येथे नोंदवतो.

दुसरा पुरावा आकड्यांचा होता. पहिल्या आढाव्यात गटाने हल्ल्यांची संख्या लाखांच्या घरात दाखवली होती. दुसऱ्या आढाव्यात तिने उभे राहून तो आकडा स्वतः खाली आणला. पहिल्या वेळी त्यांनी लॉगमधील ओळी मोजल्या होत्या, आणि काउरी एकाच जोडणीसाठी जोडणी झाली, पासवर्ड चुकला, पुन्हा चुकला, जोडणी संपली अशा अनेक ओळी लिहीत असते. शिवाय महाविद्यालयाचाच देखरेख सर्व्हर, यंत्र जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी ठराविक वेळाने त्याच पोर्टवर ठोठावत होता, आणि त्या ओळीही हल्ला म्हणून मोजल्या गेल्या होत्या. तिने त्या सर्व्हरचा आयपी पत्ता वगळून जोडण्या आणि वेगवेगळे आयपी पत्ते निराळे मोजले. तिचे आदेश साधारण असे होते, यातील `OWN_IP` च्या जागी त्या सर्व्हरचा पत्ता होता.

```
cat cowrie.json* | wc -l

jq -r 'select(.eventid=="cowrie.session.connect"
  and .src_ip!="OWN_IP") | .src_ip' cowrie.json* \
  | sort -u | wc -l
```

पहिला आदेश ओळी मोजतो आणि दुसरा वेगवेगळे पत्ते. आकडा लाखांवरून काही हजारांवर आला आणि सादरीकरणाचा डौल गेला. एका पत्त्यामागे एकच हल्लेखोर असतो असेही नाही, त्यामुळे ‘हल्लेखोर’ हा शब्द काढून ‘पत्ते’ लिहावे, असे तिनेच सुचवले. सॉकमधील नवख्या विश्लेषकाचे काम नेमके हेच असते : आलेल्या इशाऱ्यांतून आपल्याच यंत्रांचा गोंगाट बाजूला करणे, एकाच घटनेच्या पन्नास नोंदी एक म्हणून ओळखणे, आणि जे ठामपणे म्हणता येत नाही ते न म्हणणे. कंपनी ज्या गुणाचा पुरावा मागत होती तो तिने माझ्यासमोर दाखवला होता, आणि पहिल्या पत्रात मात्र तिने पुन्हा तोच जुना, फुगलेला आकडा लिहिला होता. मी विचारल्यावर ती म्हणाली, “सर, कमी आकडा लिहिला तर काम लहान वाटेल असं वाटलं.” मी तिला इतकेच सांगितले की कंपनीतील जाणकार माणूस लाखो हल्ले हे शब्द वाचताच ओळी मोजल्या असाव्यात असे धरून चालेल, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच विचारेल.

तयार मसुद्याचा मुद्दा राहिला. विद्यार्थ्यानेच मजकूर करून आणायचा आणि शिक्षकाने सही करायची, ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती तिने सौजन्य म्हणूनच पाळली होती, आणि अनेकदा शिक्षकच तशी मागणी करतात. मी ती मान्य केली नाही. उमेदवाराने स्वतःविषयी लिहिलेला मजकूर शिक्षकाच्या नावाने जाणे हे साक्ष खोटी करणे आहे, आणि ज्या क्षेत्रात ओळख पडताळणे हाच कामाचा गाभा आहे तिथे त्याची सुरुवात अशी होऊ नये. व्यवहाराच्या बाजूनेही ते धोक्याचे ठरते, कारण अशा कंपन्या पार्श्वभूमी तपासताना शिक्षकाला दूरध्वनी करतात, आणि पत्रातील एखाद्या वाक्याचा प्रसंग शिक्षकाला सांगता आला नाही की पूर्ण पत्राचे मोल शून्य होते. मसुद्याऐवजी घटनांचे टिपण मागावे, हा माझा आग्रह असतो. तारीख, प्रसंग, तिचा स्वतःचा वाटा आणि कोणत्या कागदावर त्याची नोंद आहे, एवढेच त्यात असावे, विशेषणे मी माझी घालीन.

दोन दिवसांनी तिचे दुसरे पत्र आले.

“आदरणीय सर, सादर नमस्कार. मी अंतिम वर्ष संगणक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी असून सहाव्या सत्रात माहिती सुरक्षा हा विषय आणि त्याची प्रयोगशाळा मी आपल्याकडे केली आहे, तसेच आमच्या प्रकल्पाचे मार्गदर्शक आपणच आहात. आठव्या सत्रासाठी मी एका कंपनीच्या सुरक्षा देखरेख केंद्रातील इंटर्नशिपसाठी अर्ज केला आहे. कंपनीची सूचना, माझा बायोडेटा आणि गुणपत्रके सोबत जोडली आहेत. विश्लेषणाची पद्धत आणि विश्वासार्हता या दोन बाबींवर शिक्षकाने लिहावे अशी कंपनीची अपेक्षा आहे.

माझे जे काम आपण स्वतः पाहिले आहे त्यांपैकी दोन प्रसंग आठवणीसाठी नोंदवते. हनीपॉट सुरू करण्यापूर्वी मी प्रणालीप्रमुखांकडे केलेला परवानगी अर्ज आणि बाहेर जाणारी वाहतूक बंद ठेवण्याचा निर्णय प्रकल्प वहीत आहे. दुसऱ्या आढाव्यात हल्ल्यांच्या मोजणीतील चूक मी मांडली होती, त्याची नोंद आढावा नोंदवहीत आहे. गटात लॉगचे विश्लेषण आणि जाळ्याची मांडणी माझ्याकडे होती, हनीपॉटची स्थापना आणि अहवालातील आलेख इतर सहकाऱ्यांनी केले. पाचव्या सत्रात माझा एक विषय राहिला होता, तो मी पुढच्या सत्रात सोडवला, हे गुणपत्रकात दिसेलच. विंडोज यंत्रांच्या लॉगवर मी अजून काम केलेले नाही.

शिफारस आपण महाविद्यालयाच्या ईमेलवरून थेट कंपनीला पाठवायची असून तिची मुदत पुढील आठवड्यातील शुक्रवारपर्यंत आहे. या दोन बाबींवर माझ्याविषयी ठामपणे लिहिता येईल असे आपल्याला वाटत नसेल, तर तसे निःसंकोच कळवावे, मी अन्य शिक्षकांना विनंती करीन. आपली नम्र विद्यार्थिनी.”

या पत्रातील शेवटचे वाक्य मला सर्वात मोलाचे वाटते. शिक्षकाला नाही म्हणण्याची वाट मोकळी ठेवली नाही, तर तो संकोचापोटी होकार देतो आणि मग हजेरी चांगली, वर्तन चांगले असे कोरडे पत्र लिहितो. तशी पत्रे वाचणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो. सहकाऱ्यांचा वाटा वेगळा सांगितल्यामुळेही माझे काम सोपे झाले, कारण चार जणांच्या प्रकल्पात “आम्ही” या शब्दाखाली कोणी काय केले हे कंपनीला कधीच कळत नाही. राहिलेल्या विषयाचा उल्लेख तिने टाळला असता तरी तो गुणपत्रकात होताच.

मी लिहिलेले पत्र एक पानाचे होते. तिला मी कोणत्या नात्याने आणि किती काळ ओळखतो हे पहिल्या परिच्छेदात, परवानगीचा प्रसंग दुसऱ्यात आणि मोजणीचा तिसऱ्यात, अशी मांडणी ठेवली. जाळ्याची रचना, पत्ते किंवा हनीपॉट कोणत्या यंत्रावर होता हे काहीही लिहिले नाही, कारण ती माहिती महाविद्यालयाची आहे आणि शिफारसपत्राला तिची गरज नाही. विंडोजविषयीची उणीव एका वाक्यात नोंदवली. तिची गुणांची सरासरी मी लिहिली नाही, ती माझ्या साक्षीचा भाग नव्हती. महाविद्यालयाचा ना-हरकत दाखला हा वेगळा कागद असतो आणि तो प्रशिक्षण व नियुक्ती विभाग देतो. त्याची गल्लत विद्यार्थी नेहमी करतात, म्हणून त्याचा अर्ज तिने त्याच दिवशी स्वतंत्रपणे भरावा असे सुचवले.

नंतर कंपनीतून मला दूरध्वनी आला. बोलणाऱ्या अधिकाऱ्याने दोनच प्रश्न विचारले. आकडा कमी करण्याची सूचना माझी होती की तिची, हा पहिला, आणि बाहेरची वाहतूक बंद ठेवल्याने प्रकल्पाचे गुण कमी झाले का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आढावा नोंदवहीतून वाचून दाखवले. दुसऱ्याचे उत्तर होय असे होते : अहवालातील ते प्रकरण कोरे राहिल्यामुळे बाह्य परीक्षकांनी गुण कापले होते, आणि हे तिला परवानगी अर्ज करतानाच माहीत होते. अधिकाऱ्याने ते लिहून घेतले आणि विंडोजच्या लॉगचे प्रशिक्षण सुरुवातीच्या आठवड्यांत आम्हीच देतो असे सांगून फोन ठेवला.